छापण्याआधी विकलेले पुस्तक

मार्च २०२२ मध्ये अमेरिकी कादंबरीकार ब्रँडन सँडरसन यांनी किकस्टार्टर या संकेतस्थळावर आपल्या चार नव्या कादंबऱ्यांसाठी वाचकांकडे आगाऊ पैसे मागितले. अपेक्षा दहा लाख डॉलरची होती. महिनाभरात सुमारे एक लाख पंच्याऐंशी हजार वाचकांनी ४ कोटी १७ लाख डॉलर भरले. आकडा इतका मोठा, की बातम्या त्याच्याच झाल्या. त्या गडबडीत एक साधी गोष्ट बाजूला राहिली. पैसे मागितले तेव्हा चारही कादंबऱ्या लिहून झालेल्या होत्या. वाचकांनी पैसे दिले ते छपाई, बांधणी आणि घरपोच पाठवणीसाठी, लेखकाच्या स्वप्नासाठी नव्हे.

ही रीत जुनी आहे. अलेक्झांडर पोप या इंग्रज कवीने होमरच्या ‘इलियड’चा अनुवाद १७१५ ते १७२० या काळात सहा खंडांत काढला, तो आधी वर्गणीदार जमवूनच. दर खंडाला एक गिनी अशी वर्गणी होती आणि ५७५ वर्गणीदारांनी मिळून ६५४ संच घेतले. वर्गणीदारांच्या नावांची यादी पुस्तकातच छापली होती. आपल्याकडे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड काढले तेही मंडळी स्थापून, भाग विकून आणि गावोगाव वर्गणीदार मिळवून. त्या खटाटोपाची हकिकत त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात सांगितली आहे. मराठी प्रकाशकांची ‘प्रकाशनपूर्व सवलत’ हीसुद्धा याच घराण्यातली. मोबाइलवरून पैसे भरता येऊ लागल्याने ही सोय आता एकट्या लेखकाच्या आवाक्यात आली, एवढाच फरक.

पण एकटा लेखक हिशोबात चुकतो, आणि बहुतेक वेळा एकाच पद्धतीने चुकतो. किती पैसे जमतील याचा तो विचार करतो. प्रत्येक वर्गणीतून पुस्तक वाचकाच्या हातात पडेपर्यंत किती शिल्लक राहील, याचा करत नाही. हा दुसरा हिशोब कसा मांडायचा, ते एका नमुन्यावरून पाहू.

पुस्तक किती पानांचे?

समजा, वाईच्या एका लेखिकेने कृष्णाकाठच्या घाटांवर पुस्तक लिहिले आहे. ते तिला स्वतःच प्रकाशित करायचे आहे. आकार डेमी, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. आत एकरंगी छपाई, मुखपृष्ठ रंगीत, बांधणी कागदी. पुढचे सगळे आकडे या नमुन्यापुरते आहेत. शहर, छापखाना आणि कागदाचा त्या आठवड्याचा भाव यांप्रमाणे ते वीस-पंचवीस टक्क्यांनी वरखाली होतील. मांडणी मात्र तीच राहील.

पहिला प्रश्न पानांचा. ऑफसेट छपाईत पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्मांत छापले जाते. १३ फॉर्मांचे पुस्तक २०८ पानांचे होते. मजकूर २११ पाने भरला तर छापखाना चौदावा फॉर्म लावतो आणि त्याचे पैसे घेतो. अर्धा किंवा पाव फॉर्मही लावता येतो, पण त्यात बचत फारशी होत नाही. म्हणून छापखान्याकडे दर मागायला जाण्याआधी संपादन आणि मांडणी पूर्ण झालेली हवी. ‘साधारण दोनशे पाने असतील’ असे सांगून घेतलेल्या दरपत्रकावर वर्गणीचे उद्दिष्ट ठरवले, तर पाया पहिल्याच दिवशी खचतो. हस्तलिखित संपादनात फुगून २५६ पानांवर गेले की तीन फॉर्म वाढतात. पाचशे प्रतींमागे सहा-सात हजार रुपयांचा बोजा येतो, आणि तोवर वर्गणी गोळा झालेली असते.

पाचशे की हजार?

छापखान्याचे दरपत्रक पाच भागांत मागून घ्यावे: कागद, प्लेट, छपाई, मुखपृष्ठ आणि बांधणी. एकत्र आकडा दिला तर त्यातला कोणता खर्च प्रतींबरोबर वाढतो आणि कोणता वाढत नाही, हे कळत नाही.

कागदापासून सुरुवात करू. तेवीस बाय छत्तीस इंचांच्या एका मोठ्या ताव्यात डेमी आकाराची ३२ पाने बसतात. तेरा फॉर्मांच्या एका प्रतीला साडेसहा ताव लागतात, पाचशे प्रतींना ३,२५०. सत्तर जीएसएमच्या मॅपलिथो कागदाच्या पाचशे तावांच्या एका रिमाचे वजन पावणेएकोणीस किलोच्या आसपास भरते. म्हणजे साडेसहा रिम, सुमारे १२२ किलो. छपाईत वाया जाणारे ताव धरून १३५ किलो समजावेत. किलोला शंभराच्या आत भाव धरला तर कागदाचे १३,००० होतात.

प्लेटचा खर्च वेगळ्या जातीचा आहे. प्रत्येक फॉर्मला दोन बाजूंच्या दोन, म्हणजे एकूण २६ प्लेट लागतात. अडीचशे रुपयांनी साडेसहा हजार होतात. शंभर प्रती छापा नाहीतर हजार, प्लेट तेवढ्याच. मशिनवरची छपाई ९,०००, मुखपृष्ठाचा कागद, चार रंगांची छपाई आणि लॅमिनेशन ७,०००, शिवून केलेली बांधणी ६,५००. बेरीज ४२,०००. त्यावर कर आणि छापखान्यापासून घरापर्यंतचा टेम्पो धरून ४५,०००. एक प्रत नव्वद रुपयांना पडली.

करातली एक मेख इथेच लक्षात घ्यावी. छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, पण छपाईच्या बिलावर आणि कागदावर तो लागतो. विक्रीवर करच नसल्याने भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो सरळ पुस्तकाच्या खर्चात जातो.

हजार प्रती काढल्या तर प्लेट त्याच राहतात, छपाई थोडीच वाढते, कागद आणि बांधणी दुप्पट होते. एकूण ७०,००० च्या आसपास, म्हणजे प्रत सत्तर रुपयांना. छापखानदार हा आकडा दाखवतो तेव्हा पाचशेचा विचार मूर्खपणाचा वाटू लागतो. पण वीस रुपयांच्या या ‘बचती’साठी लेखिकेला २५,००० रुपये जास्त मोजावे लागणार, आणि वाचक न मिळाल्यास पाचशे प्रतींचे गठ्ठे पावसाळ्यात ओल न लागता सांभाळावे लागणार. वर्गणीच्या मोहिमेचा खरा उपयोग इथे होतो. वाचक किती आहेत हे छापण्याआधी कळते, मग प्रतींची संख्या अंदाजाने ठरवावी लागत नाही. आपल्या नमुन्यात पाचशेच प्रती काढायच्या.

उद्दिष्टाचा आकडा

आता सगळा खर्च एकाखाली एक मांडू.

- संपादन: १०,०००
- अक्षरजुळणी, मांडणी आणि मुद्रितशोधन: १२,५००
- मुखपृष्ठ: ८,०००
- छपाई, ५०० प्रती: ४५,०००
- पॅकिंग आणि टपाल: १०,५००
- वाचनखुणा आणि इतर भेटी: ३,०००
- मोहिमेची चित्रफीत, छायाचित्रे, पत्रके: ४,०००
- राखीव: ९,०००

एकूण १,०२,०००. यात लेखिकेच्या दोन वर्षांच्या कामाचा मोबदला नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. तो या पैशांतून निघत नाही. आयएसबीएन क्रमांकाचा खर्चही यात नाही, कारण भारतात तो विनामूल्य मिळतो. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडे व्यक्तिशःही अर्ज करता येतो. कोणी त्यासाठी हजारो रुपये लावत असेल तर ते अर्ज भरून देण्याच्या मेहनतीचे असतात.

एक लाख दोन हजार हातात यायला हवेत, तर मागायचे किती? संकेतस्थळ आपले शुल्क जमलेल्या एकूण रकमेवर कापते, शिवाय पैसे भरण्याच्या व्यवस्थेचा वाटा वेगळा. किकस्टार्टरचे शुल्क पाच टक्के आहे आणि त्याखेरीज व्यवहाराचे साधारण तीन टक्के. भारतीय संकेतस्थळांचे दर आणि अटी वेगवेगळ्या आहेत. नमुन्यासाठी दोन्ही मिळून सात टक्के धरू. एक लाख दोन हजारांना ०.९३ ने भागले की १,०९,६७७ येतात. उद्दिष्ट झाले १,१०,०००.

संकेतस्थळाशिवाय स्वतःच्या यूपीआयवर पैसे घेतले तर हे सात टक्के वाचतात. पण मग नोंदी, पावत्या आणि पत्ते लेखिकेनेच ठेवायचे, आणि मोहीम फसली तर एकेकाला पैसे परत पाठवायचे. शे-सव्वाशे वर्गणीदारांपर्यंत हे वहीत जमते. दोनशेच्या पुढे नावे आणि पत्ते यांची गल्लत सुरू होते. कोणताही मार्ग घेतला तरी मोहिमेसाठी बँकेत वेगळे खाते उघडावे.

वेगळ्या खात्याचा आग्रह कशासाठी, ते ब्रिटनमधल्या ‘अनबाउंड’ या प्रकाशनसंस्थेकडे पाहून कळते. २०११ मध्ये सुरू झालेली ही संस्था वाचकांच्या आगाऊ पैशांवरच पुस्तके काढत असे. पॉल किंग्जनॉर्थ यांची ‘द वेक’ ही तिची कादंबरी २०१४ मध्ये बुकरच्या लांब यादीत पोहोचली होती. मार्च २०२५ मध्ये संस्था दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. लेखकांचे मानधन थकले, आणि ज्यांनी अजून न निघालेल्या पुस्तकांसाठी पैसे भरले होते ते वाचक टांगणीला लागले. पुस्तके चांगली होती, वाचक होते. एका पुस्तकासाठी आलेले पैसे त्याच पुस्तकापर्यंत पोहोचतील याची हमी मात्र नव्हती.

वर्गणीचे टप्पे

पुस्तकाची छापील किंमत ३५० रुपये ठरली असे धरू. आता वाचकापुढे कोणते पर्याय ठेवायचे? टप्पे पाचच्या पुढे नेऊ नयेत. दहा पर्याय पाहिले की वाचक ‘रात्री निवांत बघू’ म्हणतो आणि विसरतो.

पहिला टप्पा ३०० रुपयांचा: एक प्रत, टपालखर्चासह. यातून सात टक्क्यांचे २१ गेले, छपाईचे ९० आणि पाकिट-टपालाचे ३५ गेले. उरले १५४. संपादन, मांडणी, मुखपृष्ठ यांचा खर्च या १५४ मधून निघायचा आहे.

दुसरा टप्पा ५०० रुपयांचा: स्वाक्षरी केलेली प्रत, घाटाचे रेखाचित्र असलेली वाचनखूण आणि पुस्तकाच्या शेवटी वर्गणीदारांच्या यादीत नाव. जादा खर्च फक्त बारा रुपयांचा, आणि शिल्लक ३२८ रुपये. नावाची यादी ही पोपच्या काळापासून चालत आलेली भेट आहे. ती टपालाने वेगळी पाठवावी लागत नाही, फुटत नाही आणि आकाराला लहान-मोठी होत नाही. एवढेच पाहावे की यादीची दोन पाने फॉर्माच्या हिशोबात आधीच धरलेली असावीत आणि नावे वर्गणीदाराकडून लिहून घ्यावीत. फोनवरून ऐकलेल्या नावांत हमखास चुका होतात.

तिसरा टप्पा ११०० रुपयांचा: चार प्रती, एकाच पत्त्यावर. हा पुस्तक-भिशीसाठी किंवा चार मैत्रिणींसाठी. चौथा २,५०० रुपयांचा: एक प्रत स्वतःला आणि पाच प्रती वर्गणीदाराच्या नावे पाच गावांतल्या ग्रंथालयांना किंवा शाळांना. ग्रंथालये कोणती हे लेखिकेने आधी विचारून ठरवावे, नाहीतर पार्सले परत येतात. पाचवा टप्पा १०,००० रुपयांचा: संस्थेला वीस प्रती आणि लेखिकेचे एक व्याख्यान. प्रवासखर्च वेगळा, आणि हे पहिल्या ओळीतच लिहिलेले असावे.

पहिल्या टप्प्याला १५०, दुसऱ्याला ६०, तिसऱ्याला १२, चौथ्याला ५ आणि पाचव्याला एक वर्गणीदार मिळाला, तर १,१०,७०० रुपये जमतात. वर्गणीदार २२८, प्रती ३०८. टप्प्यांचा उपयोग किती, हे पाहायचे तर उलटा हिशोब करावा. फक्त तीनशे रुपयांचा एकच पर्याय ठेवला असता तर तोच खर्च भागवायला ३६३ वाचक लागले असते. म्हणजे पाचशे आणि त्यावरचे मोजके अठ्ठ्याहत्तर वर्गणीदार सव्वाशेहून अधिक नव्या वाचकांचे काम करतात.

इथेच मोह होतो तो मग, टी-शर्ट आणि कापडी पिशव्यांचा. एक हजाराच्या टप्प्यात पुस्तकाबरोबर टी-शर्ट दिला, तर टी-शर्टचे अडीचशे, कुरिअरचे नव्वद-शंभर, पुस्तकाचे नव्वद आणि शुल्काचे सत्तर जातात. उरलेले पाचशे आकर्षक दिसतात. पण चार मापांचे टी-शर्ट किमान ठरावीक संख्येत घ्यावे लागतात, लहान मापाचे उरतात, मोठे कमी पडतात, आणि पुस्तक तयार असूनही टी-शर्टसाठी पाठवणी अडते. पुस्तकाच्या मोहिमेत भेट कागदाची असावी, म्हणजे तीही त्याच छापखान्यातून, त्याच टेम्पोतून आणि त्याच पाकिटातून जाते.

आणखी एक टप्पा चुकूनही ठेवू नये: ‘नफ्यात वाटा’. पुस्तक आगाऊ विकणे ही विक्री आहे. पण चारचौघांकडून पैसे घेऊन त्यावर परतावा कबूल केला की ती गुंतवणूक होते, आणि अनोळखी लोकांकडून अशी गुंतवणूक गोळा करण्यावर कंपनी कायद्याचे आणि सेबीचे निर्बंध आहेत. ‘देणगी’ हा शब्दही टाळलेला बरा. प्रत देऊन घेतलेले पैसे ही जमाच आहे. ती प्राप्तिकराच्या हिशोबात दाखवावी लागते, आणि समोर खर्चाची बिले असली की काळजी उरत नाही.

टपालाचे वजन

टपालाचा आकडा सगळेच डोळे झाकून लिहितात. खरे तर तो तराजूवर ठरतो. सत्तर जीएसएम कागदाची २०८ पानांची डेमी प्रत साधारण २३५ ग्रॅम भरते. पुठ्ठा घातलेले पाकिट धरून पावणेतीनशे. टपाल खात्याने मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केली. तिचा पहिला टप्पा ३०० ग्रॅमपर्यंत वीस रुपयांचा आहे, आणि पाच किलोचे पार्सल शंभर रुपयांत जाते. कर त्याव्यतिरिक्त. तोच कागद ऐंशी जीएसएमचा घेतला तर प्रत पाकिटासह तीनशेच्या पुढे सरकते आणि दर वाढतो. एका पाकिटामागे फरक थोडा, पण अडीचशे पाकिटांमागे तो हजारात जातो. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव छापलेले असणे आणि आत जाहिराती नसणे या अटी पाळाव्या लागतात. ही सेवा जमिनीवरच्या वाहतुकीने चालते, त्यामुळे कुरिअरसारखी दोन दिवसांत पोहोचण्याची अपेक्षा ठेवू नये.

परदेशातले मराठी वाचक उत्साहाने पैसे भरतात, आणि तिथेच हिशोब कोलमडतो. एक प्रत अमेरिकेला पाठवायचा खर्च पुस्तकाच्या किमतीच्या कित्येक पट होऊ शकतो. शिवाय तो लेखिकेच्या हातात नसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेचे आयातशुल्काचे नियम बदलले, तेव्हा भारतीय टपाल खात्याने तिकडची बहुतेक पार्सले काही आठवडे थांबवली होती. परदेशासाठी एकतर प्रत्यक्ष टपालखर्च वेगळा लावावा, नाहीतर एका शहरातल्या वाचकांच्या प्रती एकत्र करून येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवायचे आधीच ठरवावे.

वेळापत्रक

मराठी छापखान्यांचे वर्ष दिवाळीभोवती फिरते. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत मशिने दिवाळी अंकांत अडकलेली असतात. फेब्रुवारीनंतर शालेय पुस्तके आणि वह्यांची गर्दी सुरू होते. पावसाळ्यात कागद ओल धरतो, ताव वाकतात, लॅमिनेशनला सुरकुत्या पडतात. एकट्या लेखकाच्या पाचशे प्रतींना मोकळी जागा मिळते ती दिवाळी संपल्यापासून जानेवारीअखेरपर्यंत.

त्या हिशोबाने मागे मोजत यावे. जून-जुलैपर्यंत हस्तलिखित संपादकाकडून परत आलेले असावे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मांडणी, मुखपृष्ठ, आयएसबीएनचा अर्ज आणि तीन छापखान्यांची दरपत्रके. ऑक्टोबरमध्ये नावांची यादी. ही यादी मोहिमेचा कणा आहे. समाजमाध्यमांवरच्या ‘अभिनंदन’ म्हणणाऱ्यांची ती नको. ज्यांना नावाने फोन करता येईल, अशा माणसांची हवी. शंभर ओळखीच्या माणसांतून वीस जण पैसे भरतील असे धरले, तरी २२८ वर्गणीदारांसाठी हजारभर नावे लागतात. तेवढी नसतील तर उद्दिष्ट कमी करावे, किंवा आणखी वर्षभर भाषणे, लेख आणि भेटीगाठींत घालवावे.

मोहीम १५ नोव्हेंबर ते १४ डिसेंबर, तीस दिवसांची. किकस्टार्टर साठ दिवसांपर्यंत मुभा देते, पण तिथेही सल्ला तीस दिवसांचाच दिला जातो. पहिल्या चार-पाच दिवसांत पैसे भराभर येतात, शेवटच्या चार दिवसांत पुन्हा येतात, आणि मधले तीन आठवडे कोरडे जातात. म्हणून पहिल्या आठवड्यातले सत्तर-पंच्याहत्तर वर्गणीदार आधीच बोलून ठेवलेले असावेत. पहिला आठवडा संपताना एक चतुर्थांशही रक्कम आली नसेल, तर उद्दिष्ट गाठण्याची आशा कमी समजावी आणि फोनची यादी पुन्हा उघडावी.

पैसे हातात यायला मोहिमेनंतर दोन आठवडे जातात. काही व्यवहार अडकतात, काही जण पत्ता देत नाहीत. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वर्गणीदारांची यादी पुस्तकात चढते आणि शेवटचे मुद्रितशोधन होते. मग कोरी डमी हातात घेऊन कण्याची जाडी मोजायची, कारण मुखपृष्ठाचा कणा अंदाजाने आखला की नाव बाजूला सरकते. छपाई आणि बांधणी तीन आठवडे. फेब्रुवारीच्या मध्यावर गठ्ठे घरी येतात, आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी प्रकाशन करता येते. जमा आणि खर्च दोन्ही एकाच आर्थिक वर्षात पडतात, हा आणखी एक फायदा.

वाचकांना मात्र तारीख ‘मार्चअखेर’ अशीच सांगावी. व्हार्टन स्कूलचे प्राध्यापक ईथन मॉलिक यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की किकस्टार्टरवर यशस्वी झालेल्या वस्तुनिर्मितीच्या प्रकल्पांपैकी तीनचतुर्थांशांहून अधिकांनी दिलेली तारीख चुकवली. उशीर गृहीत धरून तारीख दिली की दर पंधरा दिवसांनी माफी मागावी लागत नाही.

साठ हजारांवर अडकले तर

सगळ्यांत अवघड प्रसंग पूर्ण अपयशाचा नसतो. दहा हजार जमले तर परत करून मोकळे होता येते. साठ हजार जमतात तेव्हा पंचाईत होते. किकस्टार्टरची पद्धत ‘उद्दिष्ट गाठले तरच पैसे’ अशी आहे. काही संकेतस्थळे जमेल तेवढी रक्कम देऊन टाकतात. ही दुसरी पद्धत सोयीची वाटते, पण तिच्यात धोका आहे: पैसे अर्धे आणि बांधिलकी पूर्ण.

यावर उपाय म्हणजे मोहिमेच्या पहिल्याच दिवशी दुसरा आराखडाही जाहीर करणे. उद्दिष्ट गाठले नाही तर ऑफसेट सोडून डिजिटल छपाईने दीड-दोनशे प्रतीच काढायच्या. डिजिटलला प्लेट लागत नाहीत. प्रत नव्वदऐवजी दीडशेच्या घरात जाते, पण दीडशे प्रतींचे २२,५०० होतात, पंचेचाळीस हजार नव्हे. संपादन, मांडणी आणि मुखपृष्ठाचे ३०,५०० तसेच राहतात. दोन्ही मिळून ५३,०००. साठ हजारांतून शुल्काचे ४,२०० गेले की टपालाला जेमतेम अडीच-तीन हजार उरतात आणि कमी पडलेले दोनेक हजार लेखिकेच्या पदरचे जातात. हे तिला मान्य आहे का, ते तिने मोहीम सुरू करण्याआधी ठरवलेले बरे.

उरलेल्या प्रती

उद्दिष्ट गाठले असे धरू. पाचशेतल्या ३०८ प्रती वर्गणीदारांकडे गेल्या, १९२ उरल्या. त्यांतल्या काही १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई-चेन्नईसारख्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रकाशकाने स्वखर्चाने पाठवायच्या असतात. परीक्षणासाठी, संपादकाला, चित्रकाराला आणि टपालात खराब झालेल्यांच्या बदल्यात मिळून चाळीसेक जातात. उरतात दीडशे. विक्रेत्याला छापील किमतीवर ४५ टक्के सूट दिली तर प्रतीमागे १९२ रुपये, एकूण सुमारे २९,००० मिळतात, तेही प्रती विकल्यानंतर आणि वसुली झाल्यावर. छपाईचा खर्च आधीच भागलेला असल्याने ही रक्कम लेखिकेची. दोन वर्षांच्या कामाची पहिली कमाई तीच.

राखीव ठेवलेल्या ९,००० पैकी काही उरले असेल तर तेही हिशोबात दाखवावे. हा हिशोब एका पानावर मांडून सर्व २२८ वर्गणीदारांना पाठवायचा असतो: किती जमले, छापखान्याला किती दिले, टपालाला किती गेले, किती प्रती परत आल्या. त्याच पानावर दुसऱ्या आवृत्तीसाठी प्रती हव्या असल्यास कळवण्याची तारीख लिहावी. प्लेट किंवा निदान पानांची अंतिम पीडीएफ छापखान्याकडून आपल्या ताब्यात घेतलेली असली, तर त्या वेळी संपादन, मांडणी आणि मुखपृष्ठाचे ३०,५०० पुन्हा मोजावे लागत नाहीत. दुसऱ्या पाचशे प्रतींसाठी मग साठ हजारांच्या आसपासच लागतात.